चाळीस टक्के पेन्शन

बाबांनी पेन्शन विकायचं ठरवलंय, हे देविकाला आईकडून कळलं तेव्हा तिला हसूच आलं. जन्मभर पोहण्याला नावं ठेवणाऱ्या माणसाने अचानक तलावाचा पास काढावा, तसंच होतं हे.

विश्वास चित्रे दिल्लीतल्या एका मंत्रालयात पस्तीस वर्षं हिशेबाच्या शाखेत होते. रिटायर व्हायला आलेला जो तो त्यांच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, "चित्रे साहब, कम्यूट करें कि नहीं?" चित्रे साहेबांचं उत्तरही ठरलेलं असायचं. "मत करो." सरकारी पेन्शनचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग सरकारलाच विकता येतो, त्यालाच कम्यूट करणं म्हणतात. त्याचे पैसे एकरकमी हातात पडतात, आणि मग पंधरा वर्षं तेवढा भाग दरमहा कापला जातो. एकरकमी आकडा पाहून भल्याभल्यांचे डोळे फिरतात, असं ते घरी येऊन सांगायचे. आता त्यांची स्वतःची रिटायरमेंट मार्चअखेर होती, आणि त्यांनी चाळीसच्या चाळीस टक्के विकायला काढले होते.

नोव्हेंबरातला रविवार होता. इंदिरापुरमच्या त्यांच्या फ्लॅटच्या खिडक्या बंद होत्या आणि समोरची इमारत धुरात अर्धीच दिसत होती. बाबा डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. रिटायर होणाऱ्यांनी आपली माहिती ज्या सरकारी पोर्टलवर भरायची असते त्याचं नाव 'भविष्य' आहे. देविका शेजारी येऊन बसली. तिने संख्याशास्त्रात एमएस्सी केलं होतं, नोएडात एका कंपनीत आकड्यांचंच काम करत होती, आणि वादाला ती तयार होऊनच आली होती.

"बाबा, चलो, तुमच्याच शब्दांत सांगते. पन्नास हजार पेन्शन. त्यातले वीस हजार विकले. मिळणार किती?"

"एकोणीस लाख सहासष्ट हजार."

"आणि पंधरा वर्षांत कापले जाणार छत्तीस लाख. म्हणजे सरकारकडून नऊ टक्क्यांनी कर्ज काढल्यासारखंच झालं."

"जवळजवळ नऊच."

"आणि त्या एकोणीस लाखांचं काय करणार?"

"तुझ्या आईच्या नावाने अ‍ॅन्युइटी घेणार. विमा कंपनीला पैसे एकदा द्यायचे, ती आईला मरेपर्यंत दरमहा ठराविक रक्कम देईल."

"किती?"

"वर्षाला साडेसात टक्क्यांच्या आसपास."

"आणि मुद्दल?"

"परत नाही."

देविकाने हात जोडले. "धन्य आहात. नऊने घ्यायचं आणि मुद्दल बुडवून साडेसातने लावायचं. हे दुसऱ्या कोणी केलं असतं तर तुम्ही त्याला कॅन्टीनमध्ये उभं करून झाडलं असतं."

बाबा खोकले. त्या महिन्यात दिल्लीत सगळेच खोकतात. लिफ्टमध्ये, बसमध्ये, शेजारच्या भिंतीपलीकडे. त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. देविकाचंही गेलं नाही. तिने टेबलावर पडलेल्या लिफाफ्याच्या पाठीवर पेनने आकडे मांडले आणि विजयी मुद्रेने पेन ठेवलं.

"हे बघा, एकरकमी मिळालेले पैसे फिटायला आठ वर्षं आणि दोन महिने लागतात. पेन्शनर त्याआधी गेला, तर कपात तिथेच थांबते. उरलेलं कोणी मागत नाही, आणि बायकोला फॅमिली पेन्शन पूर्णच मिळते, विकलेल्या भागाचा तिला काही फटका नाही. म्हणजे हा सौदा फक्त एकाच माणसाला परवडतो, बाबा. आठ वर्षांच्या आत मरणाऱ्याला."

"गणित बरोबर आहे," बाबा म्हणाले.

ती पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. स्वयंपाकघरात आई कढईत काहीतरी परतत होती. बाबांनी लॅपटॉपचं झाकण हळूच खाली केलं आणि मुलीकडे न बघता म्हणाले, "दोन वर्षं म्हणतात डॉक्टर. दुसऱ्याने तीन सांगितली. फुप्फुसं आतून घट्ट होत जातात, आणि झाली तेवढी पुन्हा मऊ होत नाहीत. औषधाने वेग कमी होतो, एवढंच. ऑगस्टपासून मला माहीत आहे."

देविकाने लिफाफ्याकडे पाहिलं. समोर तिच्याच अक्षरातले आकडे होते.

"लोकांना मी 'नका करू' सांगायचो, ते सगळे जगतील असं धरून," बाबा म्हणाले. "आत्ता अर्ज केला तर मेडिकल लागत नाही. रिटायर झाल्यावर वर्षाच्या आत केला तरीही नाही. त्यानंतर लागतं. ही चोरी आहे का गं?"

"नियमात आहे ना?"

"नियमात आहे."

"मग नाही."

"आईला आजाराचं एक एप्रिलपर्यंत सांगू नकोस. रिटायरमेंटच्या दुसऱ्या दिवशी सौदा पक्का होतो, मग तो मागे घेता येत नाही. त्याआधी तिला कळलं तर ती मला हे करू देणार नाही. माझ्या मरणावर आलेले पैसे म्हणेल आणि त्यांना हात लावणार नाही. सात वर्षांनी नियमाप्रमाणे तिची फॅमिली पेन्शन खाली येईल, तेव्हा तिच्या हातात आणखी काहीतरी पाहिजे. प्रॉमिस?"

देविकाने मान हलवली. बाबांनी लॅपटॉप पुन्हा उघडला आणि चाळीसचा आकडा भरला.

हिवाळा गेला तो असा. आई रोज सुंठ, मिरी, गूळ उकळून बाबांना पाजत होती आणि 'या दिल्लीच्या हवेने माणसं संपतील' म्हणून सरकारला शिव्या देत होती. देविका तिच्या हो ला हो करायची. जानेवारीत आईने मेमधली काश्मीरची तिकिटं काढली. पस्तीस वर्षं ह्यांना सुट्टी मिळाली नाही, आता कोण अडवतंय, म्हणाली. बाबांनी रात्री देविकाला मेसेज केला की उंचीवर त्यांना न्यायचं नाही, डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय. दुसऱ्या दिवशी देविकाने आईला सांगितलं की मे महिन्यात तिला ऑफिसातून सुट्टी मिळणार नाही आणि तिला सोडून दोघांनी गेलेलं तिला आवडणार नाही.

"एवढी लहान आहेस का तू?" आई म्हणाली. पण तिकिटं रद्द केली. रद्द करताना जे पैसे कापले गेले त्याबद्दल दोन दिवस बोलत होती. स्वतःच्या हौसेबद्दल एक अक्षर नाही.

मार्च संपला. बाबांच्या गळ्यात हार पडले. एप्रिलच्या मध्यावर पैसे खात्यात आले, आणि पुढच्या शनिवारी सोसायटीतलीच, विम्याचं काम करणारी मीनाक्षी अरोरा टॅब घेऊन घरी आली. डायनिंग टेबलाभोवती तिघं बसली. बाबांनी आईला अजून सांगितलं नव्हतं. आज सांगतो, उद्या सांगतो, असं करत पंधरा दिवस गेले होते.

"जॉइंट लाइफ लीजिए अंकल, सब यही लेते हैं," मीनाक्षी म्हणाली. "पहले आपको मिलेगा, आपके बाद आंटी को. पूरा."

"सिंगल. सिर्फ़ लतिका के नाम."

"फ़र्क ज़्यादा नहीं है. सिंगल में बारह हज़ार तीन सौ, जॉइंट में ग्यारह हज़ार आठ सौ."

"तो पाँच सौ भी क्यों छोड़ना?"

आई चहाचे कप ठेवत होती. ती थांबली. "अहो, सोडायचे कशाला म्हणजे? तुमचं नाव का नको?"

"मला माझी पेन्शन आहे की."

"चाळीस टक्के विकलीत ना? मग?" तिने मीनाक्षीकडे वळून विचारलं, "बेटा, सिंगल कौन लेता है?"

"वो तो आंटी, जब दूसरा..." मीनाक्षीने वाक्य गिळलं. एकदा बाबांकडे पाहिलं आणि टॅबवर काहीतरी उगाच शोधू लागली.

आईने आधी नवऱ्याकडे पाहिलं. मग देविकाकडे. देविका टेबलाच्या काचेकडे बघत होती, आणि बहुधा तिच्या त्या बघण्यानेच सगळं सांगितलं.

"काश्मीर," आई म्हणाली. एवढंच. मग ती खुर्चीवर बसली.

"लतिका, मी सांगणार होतो."

"किती दिवस उरलेत ते नंतर सांगा. बाहेरचं माणूस बसलंय." तिने टॅब स्वतःकडे ओढला. "हे दोघांच्या नावाने करायचं."

"अगं, ऐक. तू ऐंशीपर्यंत जगलीस तर सव्वा लाखाच्या वर जातात यात. उगाच."

"जाऊ देत."

"देविका, तू सांग तिला."

देविकाने तोंड उघडलं. तिला खरंच वाटत होतं की बाबांचं बरोबर आहे, आणि गेले पाच महिने तिने दुसरं काही केलंच नव्हतं, बाबांचं बरोबर आहे हे धरून चालण्याशिवाय. "आई, सिंगल घेतलंस तर..."

"तू बोलू नकोस." आवाज चढला नव्हता. "पाच महिने मी ह्यांना सुंठ पाजत होते, आणि तुम्ही दोघं बसून मी विधवा झाल्यावर किती पडतील ते मोजत होतात. सही माझी लागते ना? एकटीच्या कागदावर मी सही करणार नाही. हे जिवंत आहेत."

बाबांनी काही बोलायला श्वास घेतला, तो अर्ध्यात अडकला आणि खोकल्यात संपला. खोकला थांबल्यावर त्यांनी मीनाक्षीला मानेनेच सांगितलं. तिने जॉइंट निवडलं. पहिलं नाव त्यांचं, दुसरं आईचं. जाताना मीनाक्षी दारात देविकाला हळूच म्हणाली की पॉलिसी आल्यावर तीस दिवसांत परत करता येते, आंटींना समजावून सांग. आतून आईने ते ऐकलं असावं.

त्या तीस दिवसांत बाबांनी दोनदा विषय काढला. आईने दोन्ही वेळा भाजी वाढली. देविकाशी ती कामापुरतं बोलायची; दूध आणलंस का, दार लाव. रात्री ती बाबांच्या खोलीत खुर्ची घेऊन बसायची.

जूनच्या सुरुवातीला पहिले अकरा हजार आठशे बाबांच्या खात्यात आले. तोवर त्यांना बाथरूमपर्यंत जाऊन यायलाही दम लागत होता. ऑक्सिजनच्या यंत्राला सरकारी योजनेतून मंजुरी मागितली होती, पण कागद फिरत होते, म्हणून आईने गाझियाबादच्या एका दुकानातून यंत्र भाड्याने मागवलं. महिन्याचं भाडं, दोन नळ्या, येण्याजाण्याचा टेम्पो. पैसे द्यायला तिने बाबांचं कार्ड घेतलं.

"ते नको," बाबा पलंगावरून म्हणाले. एक वाक्य पुरं करायला त्यांना तीनदा थांबावं लागलं. "ते पैसे तुझ्यासाठी लावलेत. तुझ्या म्हातारपणासाठी."

"पहिलं नाव तुमचं आहे," आई म्हणाली आणि दुकानाच्या माणसाला कार्ड दिलं.

यंत्र सुरू झालं, फ्रिजसारखं घुमत. दुकानाचा माणूस काटा दाखवून हिंदीत समजावू लागला, दोनवर ठेवा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका. आईला त्याचं बोलणं नीट ऐकू येईना. तिने मागे वळून देविकाला जवळ बोलावलं.

"तू बघून घे. रात्री तुलाही बसावं लागेल."