टँकर परत गेला

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात लातुरात घागरीसाठी माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात होती, आणि माझ्या दारात भरलेला टँकर उभा होता. हणमंतरावांनी आणलेला. ते आमच्या डाळमिलला पोती पुरवायचे आणि मिलची खरेदी माझ्याकडं होती.

टँकरवाल्यानं पाइप आमच्या हौदात सोडला. गल्लीतल्या बाया घागरी घेऊन धावल्या. मी पाइप ओढून बाहेर काढला. "सोडू नको पाणी!"

"साहेब, माझ्या विहिरीचं हाय," हणमंतराव म्हणाले.

"तुमची माया कळते. पण परवा पोत्यांच्या दरांची बंद पाकिटं उघडायचीत. तुमचा दर खरंच कमी निघाला, तरी लोक म्हणतील पाण्यानं काम झालं. तुमच्या दराची इज्जत राहू द्या."

"मग गल्लीला वाटतो."

"माझ्या दारात वाटलं की माझ्याच नावानं वाटलं. मिलच्या मालकांना मी सांगणारच हाय. तुम्ही राजीखुशीनं परत नेलं, हेबी सांगतो."

टँकर वळला. एक बाई माझ्याकडं बघून थुंकली.

"आता घरात तर या," मी हणमंतरावांना म्हणालो. दारातून पाहुणा बिनपाण्याचा कसा जाईल? माझ्या बायकोनं, चतुरानं, माठ तिरका करून तळातलं पाणी तांब्यात घेतलं आणि तांब्या त्यांच्यापुढं केला.

हणमंतरावांनी माठाकडं पाहिलं. थेंबभर पाणी तळहातावर घेऊन ओठाला लावलं आणि भरला तांब्या तिच्या हातात दिला.

"पावलं, वहिनी. आता हे तुम्ही परत घ्या."