फुप्फुसाचं पोस्टर आणि दहा मिनिटं

साहेबांचं फुप्फुसावर फार प्रेम. निरोगी फुप्फुसावर नव्हे. काळ्या, चिघळलेल्या, पाहताच घास घशात अडकेल अशा. दरवर्षी तंबाखू सोडा मोहिमेचं पोस्टर ठरवायची वेळ आली की ते चित्रकाराला म्हणायचे, "जरा अजून काळं कर."

यंदा मोहीम अठरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींसाठी होती. सरकारी रुग्णालयात तंबाखू सोडवण्याची एक खोली होती. तिथल्या समुपदेशक ताईंना साहेबांच्या मोहीम समितीवर घेतलं होतं, कारण कुणीतरी त्या विषयातलं हवं, असं वरून आलेल्या पत्रात लिहिलं होतं. ताईंच्या टेबलावरचा फोन गेल्या वर्षीच्या फुप्फुसानंतर सात वेळा वाजला होता. त्यातले दोन फोन चुकून आलेले. मोहीम वर्षातून एकदाच, छपाई सोमवारी. यंदाही फुप्फुसच गेलं, तर पुढचं वर्षभर त्या फोनकडे बघत बसायचं, हे ताईंना पक्कं ठाऊक होतं.

"आरोग्यविश्वास प्रारूप वापरायचंय म्हणता, ते काय आहे थोडक्यात सांगा," साहेब घड्याळ बघत म्हणाले.

ताई वर्गात शिकवल्यासारख्या सावकाश बोलल्या. "साहेब, रस्त्यात कुत्रा आहे. माणूस काठी कधी उचलतो? हा मलाच चावेल असं वाटलं तर. चावला तर वाईट होईल हे पटलं तर. काठीनं तो पळेल असा भरवसा असला तर. काठी आणणं फार जिकिरीचं नसलं तर. कुणी 'अरे, कुत्रा!' म्हणून ओरडलं तर. आणि आपल्याला काठी उगारता येते असं वाटलं तर. सहा गोष्टी झाल्या. आपलं पोस्टर त्यातली एकच सांगतं, चावला तर फार वाईट होतं. ते तर पोरांना पाठ आहे."

"पाठ असतं तर ओढली असती का?" साहेब हसले. जनसंपर्कवाले हसले. चित्रकार नोकरी सांभाळून हसला.

मग चहाची सुट्टी झाली. तिघेही सिगारेटी घेऊन गच्चीत गेले. परत आले तेव्हा निर्णय घेऊनच. "फुप्फुस ठरलं. तुमचं ते सहाचं बघू पुढच्या वर्षी. हवं तर पोरांना दाखवून या, तसं दाखवल्याचं कागदावर राहील."

समितीचे निर्णय गच्चीत व्हायचे. ताई ओढत नसत, म्हणून त्या निर्णयात नसत. तंबाखूविरोधी मोहीम धूर काढल्याशिवाय ठरत नव्हती, आणि यात वावगं आहे असं कुणाच्या गावीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताई फुप्फुस काखोटीला मारून एका कॉल सेंटरमध्ये गेल्या. बारा मुलंमुली गोलात बसली होती.

"तंबाखूनं कॅन्सर होतो, कोणाकोणाला माहीत आहे?"

बारा हात वर.

"तुम्हाला होईल, असं कोणाला वाटतं?"

एकही नाही. लांबू नावाचा एक ताडमाड मुलगा म्हणाला, "ताई, मी तिशीच्या आत सोडणार. कॅन्सर काय लगेच होतो?"

"गेल्या वर्षी दिवसाला किती ओढायचास?"

"दोन."

"आता?"

लांबूनं बोटं मोजली आणि ती खाली घेतली. "नऊ." शेजारचा म्हणाला, "काल अकरा होत्या रे!" गोलात हशा उठला, पण लांबू हसला नाही.

ताईंनी फुप्फुस दाखवलं. "शी!" झालं. कुणी फोनमध्ये डोकं घातलं. तिघं उठून बाहेर गेली. परत आली तेव्हा कपड्यांना वास होता. "बघून कसंतरीच झालं ताई, एक मारून आलो," त्यातला एक अगदी प्रामाणिकपणे म्हणाला.

मग गोलातल्या एका चष्मेवाल्या मुलीनं हात वर केला. "मी दोनदा सोडली," ती म्हणाली. "एकदा चार दिवस, एकदा अडीच. मला काही जमत नाही."

"कुठं अडतं गं?"

"सुट्टीत. इथं सुट्टी फक्त सिगारेटीला मिळते. नुसतं उठलं की टीम लीडर विचारतात, काम नाही का? सोडली तर पूर्ण दिवस खुर्चीत."

ताईंनी टीम लीडरला गाठलं. "ओढणाऱ्यांना दिवसाकाठी किती सुट्ट्या देता?"

"चार-पाच. तलफ असते ना हो बिचाऱ्यांना."

"आणि न ओढणाऱ्यांना?"

"त्यांना कशाला? त्यांना तलफ कुठं असते?"

म्हणजे इथं सिगारेट हा सुट्टीचा अर्ज होता. बऱ्याच बोलण्यानंतर टीम लीडरनं कबूल केलं, पंधरा दिवस सगळ्यांना दहा-दहा मिनिटांच्या दोन सुट्ट्या, कारण न विचारता.

शनिवारी ताईंनी नवा मसुदा घेतला आणि चहाच्या सुट्टीत थेट गच्चीत शिरल्या.

"अहो ताई, इथं कुठं? धूर लागेल!"

"निर्णय इथं होतात म्हणून आले, साहेब. एक विचारते, राग मानू नका. गेल्या वर्षीचं फुप्फुस तुमच्या केबिनमध्ये टांगलंय. तुमच्या किती कमी झाल्या?"

साहेबांनी सिगारेट पाठीमागे नेली. "माझं वेगळं आहे. आमचे वडील ऐंशीपर्यंत ओढत होते, काही झालं नाही. आणि मी सोडूनही पाहिली. दोनदा. नाही जमलं."

"आणि तुमच्या बैठका गच्चीत नसत्या, तर?"

"तर... बोलायचं कुठं?"

ताईंनी हातातला कागद पुढे केला. मुलांची उत्तरं होती त्यात. मला होणार नाही. सोडून पाहिली, जमलं नाही. सोडली तर सुट्टी जाते. जनसंपर्कवाले वाचता वाचता साहेबांकडे बघू लागले आणि चित्रकाराला धुराशिवायच ठसका लागला.

"हे तुम्ही माझ्यावरून लिहिलंत?"

"नाही साहेब, पोरांवरून. मी फक्त ऐकलं."

साहेबांनी सिगारेट कठड्यावर विझवली आणि नवा मसुदा हातात घेतला. मसुद्यात वर लिहिलं होतं, 'गेल्या वर्षी किती? आज किती?' खाली, सोडल्यावर एका दिवसात रक्तातला विषारी वायू उतरतो. तलफ पाचेक मिनिटांत ओसरते, तेवढीच काढायची. तिन्हीच्या खाली फोन नंबर. आणि पोस्टर लागणार होतं ते भिंतीवर नव्हे, जिथं माणसं सुट्टीत उठून जातात त्या दारावर.

"फुप्फुस पार काढू नका," साहेब शेवटी म्हणाले. "खालच्या कोपऱ्यात. लहान."

"चालेल. पण त्याच्याखालीही नंबर."

सही झाली. फाइलीत शेरा पडला, 'तरुणांच्या मनाचा विचार करून माझ्या सूचनेनुसार बदल.' ताईंनी तो वाचला आणि फाइल पुढे सरकवली. दारावर पोस्टर लागतंय, तर श्रेयाचं काय लोणचं घालायचंय!

पोस्टर लागल्यावर चौथ्या दिवशी, सकाळी अकराला, टेबलावरचा फोन वाजला. चष्मेवाल्या मुलीचा आवाज.

"ताई, सुट्टी मिळाली. दाराशी उभी आहे. सगळे ओढतायत. आता दहा मिनिटं मी करू काय?"

"आधी तिथून हल. जिना आहे ना? उतरायला लाग, मी फोनवर आहे. तलफ किती, दहापैकी?"

"आठ."

"बरं. तळाला पोचलीस की पुन्हा सांग."

पायऱ्यांवर चपलांचा आवाज येत राहिला. मध्येच ती थांबली, धापा टाकत म्हणाली, "ताई, दुसऱ्या मजल्यावर आहे. सहा."

"चालू दे," ताई म्हणाल्या आणि घड्याळ आपल्याकडे वळवून बसल्या.