हरवलेला दुवा: तीन शब्द

जयपूरच्या मराठी मंडळाचं मासिक सोळा पानांचं, पण लोक ते उघडायचे शेवटच्या पानापासून. तिथे गिरिजाबाईंचं 'हरवलेला दुवा' असायचं. गेली अकरा वर्षं. बनी पार्कातले रेल्वेवाले असोत की छावणीतले फौजी, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न, सुटलं का?

नियम साधे. दिलेल्या प्रत्येक शब्दातून एक अक्षर काढायचं, काना-वेलांटीसकट अख्खं. उरेल तोही शब्दच हवा. काढलेली अक्षरं ओळीने वाचली की उत्तर. खाली एक सूचना, तिलाच त्या 'दुवा' म्हणत, ती उत्तराला चपखल बसली पाहिजे. आणि सगळ्यात कडक नियम बाईंचा स्वतःचा: एका कोड्याची दोन उत्तरं निघाली, की कोडं बाद. मग त्यावर महिनाभर डोकं का फोडलेलं असेना, फाडून कचऱ्यात!

ही दुसरी उत्तरं हुडकायचं काम घरातच चाले. आधी ते वरदकडे होतं, त्यांच्या मुलाकडे. पोरगा इतका चिकट की आईची निम्मी कोडी त्याने बाद केली असतील. सहा महिन्यांपूर्वी तो घरात अवाक्षर न काढता फौजेच्या भरतीला गेला, निवडला गेला, आणि ट्रेनिंगला निघायच्या आदल्या दिवशी सांगून मोकळा झाला. तेव्हापासून काम धाकट्या शर्वरीच्या गळ्यात पडलं आणि गिरिजाबाईंचं वरदशी बोलणं बंद झालं.

त्यांचं तरी काय चुकलं होतं? नवरा रंगनाथ फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, तोवर बावीस वर्षं गिरिजाबाईंनी दोन पोरं एकटीने वाढवली होती. साताऱ्याहून निघालेली बाई गावोगावच्या क्वार्टरांत कॅलेंडरवर फुल्या मारत राहिली. जयपुरात दुर्गापुऱ्याला स्वतःचं घर झालं, नवरा रोज रात्री जेवायला घरी यायला लागला, तेव्हा कुठे जिवाला स्वस्थता आली होती. आणि आता पोरगा! 'जवान' हा शब्दसुद्धा त्यांना घरात चालत नसे. दर रविवारी चारला वरदचा फोन आला, की त्या वाळलेले कपडे आणायला गच्चीवर जात. कपडे नसले तरी जात.

"मी तोंड घातलं, तर दोघंही माझ्यावरच उलटतील," म्हणून रंगनाथ पेपरात डोकं खुपसून बसायचे. सुभेदार कसले, पक्के भित्रे!

आजचा रविवार मात्र साधा नव्हता. वरदची कसम परेड, ट्रेनिंग संपल्यावर शपथ घ्यायची, पुढच्या महिन्यात होती, आणि घरून कोण येणार त्यांची नावं त्याला आज संध्याकाळपर्यंत द्यायची होती. मागच्या रविवारी त्याने शर्वरीला विचारलं होतं, "आई येईल ना गं?" शर्वरीने "बघते भैया" म्हटलं आणि आठवडाभर आईसमोर तोंड उघडायची तिची हिंमत झाली नव्हती.

दुपारी आईने नेहमीसारखा कागद पुढे टाकला. "बघ. उद्या छापायला द्यायचंय."

वजन. वारस. मदन. खाली दुवा: घर सोडून गेलेला.

"तीनच शब्द? मतलब, इतकं सोप्पं?"

"सोडव तर खरं," असं म्हणून आई स्वयंपाकघरात गेली.

शर्वरीने वरदने शिकवल्याप्रमाणे शेवटून सुरुवात केली. मदनमधून म काढला तर दन. दन असं काही नसतं. न काढला तर मद, द काढला तर मन. म्हणजे न किंवा द. वजनमधून न काढला तर वज उरतं, म्हणजे तो गेला. ज काढला तर वन, व काढला तर जन. वारस मात्र वस्ताद निघाला. वा काढा, रस. र काढा, वास. स काढा, वार. तिन्ही चालतात! दोन, तीन, दोन: सगळ्या मिळून बारा जोडण्या. तिने वहीत बारा ओळी आखल्या.

पहिलीच ओळ. ज, वा, न.

जवान.

तिने दारातून आत डोकावून पाहिलं. आई पाठमोरी कणीक मळत होती. आईने हा शब्द आपल्या हाताने लिहिला? घर सोडून गेलेला, जवान. बरोब्बर बसत होतं. दुसरी एखादी असती तर इथेच वही मिटून नाचली असती. पण उत्तर मिळालं म्हणून थांबायचं नाही, बाराही ओळी भरायच्या, ही वरदची शिस्त. तिने भरायला घेतल्या. जवाद, जरन... सगळा पालापाचोळा. नऊ ओळी झाल्या. दहावी लिहिली आणि पेन हातातच राहिलं.

व, र, द.

तिने पुन्हा तपासलं. वजनमधून व, उरला जन. वारसमधून र, उरला वास. मदनमधून द, उरलं मन. कुठेही ओढाताण नाही. घर सोडून गेलेला, वरद. अकरावी निघाली वसन. तोही शब्द खरा, वस्त्र, पण वस्त्र काही घर सोडून जात नाही. बारावीत काहीच नव्हतं. दुव्याला पुरून उरली ती दोनच. त्याच तीन शब्दांत, त्याच क्रमाने जवानही होता आणि वरदही.

अगं बाई! हे आपोआप जुळलं असेल? ती उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने आईची कोड्यांची वही काढली. ती कडधान्यांच्या डब्यांमागे असते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कुणी हात लावत नसे. पहिल्या पानावर तारीख होती वरद गेला त्याच्या दुसऱ्या दिवसाची. पुढे पानंच्या पानं शब्द. नगर, नजर, गरज, वतन, जतन, चरण, मरण. 'मरण' इतक्या जोरात खोडलेलं की कागद फाटला होता. रोजची तारीख, रोजचे शब्द, एक दिवस सुटलेला नाही. गच्चीवर जाणारी बाई सहा महिने रोज बसून एकच काम करत होती. पोराचं नाव आणि त्याने निवडलेलं काम एका ठिकाणी कसं नांदेल, ते शोधत होती. आपल्या आईची शर्वरीला जन्मात पहिल्यांदा थोडी भीती वाटली, देवळात वाटते तशी.

"आई," ती कशीबशी म्हणाली, "याला दोन उत्तरं आहेत."

"मला माहितीये," आई कणकेवरून नजर न उचलता म्हणाली. "ठेव ती वही जागेवर."

चारला फोन वाजला. रंगनाथांनी सवयीने पेपर वर धरला. गिरिजाबाई हात धुऊन आल्या आणि गच्चीच्या जिन्याकडे न वळता त्यांनी फोन उचलला.

"कागद घे," त्या म्हणाल्या. "लिही. वजन, वारस, मदन. दुवा, घर सोडून गेलेला."

स्पीकरवर पलीकडे इतर मुलांचा गलका ऐकू येत होता. रंगनाथांचा पेपर हळूहळू खाली आला. एक मिनिट गेलं, दोन गेली. बारा ओळी भरायला वेळ लागतोच. शर्वरीला वाटलं, फोन कटला. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"आई," वरदचा आवाज फाटला होता, "याला दोन उत्तरं निघतात. हे कोडं बाद."

"नाही," गिरिजाबाई म्हणाल्या. "हे मी बाद करणार नाही." त्यांनी पदराने डोळे पुसले. "तुझ्या त्या परेडच्या यादीत तिघांची नावं लिही. आणि माझं पहिलं लिही."