आबांच्या कानाला टोपी

डोळे मिटा आणि माझ्याबरोबर यावलला चला. केळीच्या बागेत अकरा माणसं फोटोसाठी उभी आहेत. पुढे खुर्च्यांवर गिरधर आबा आणि सुमनबाई. त्यांच्या मागे बाकीची मंडळी. आणि त्यांच्याही मागे, चाळीस पावलांवर, पाण्याच्या मोटारीच्या खोलीपाशी एकटे आबांचे चिरंजीव प्रेमराज काका. आबांच्या आणि सुमनबाईंच्या मधल्या फटीतून ते इवलेसे दिसतायत. दिसले का? मग उघडा डोळे.

काका तिथे का, हे आबांच्या दहा वर्षांच्या नातीला, ऋतिकाला, चांगलं ठाऊक होतं. आठ दिवसांपूर्वी काकांनी दोन एकरांत पपई लावायची म्हटली. आबा चारचौघांत बोलले, "तुला शेतीतलं काय कळतं रे." तेव्हापासून दोघांचा अबोला. फोटोच्या वेळी काका म्हणाले, "मी मोटार बघतो." मोटार बंदच होती.

संध्याकाळी आबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. हा फोटो फ्लेक्सवर लागायचा होता. आबांनी तर सांगून ठेवलं होतं, "बठ्ठे पाहिजेत त्यात, एकही सुटायला नको." पण फोटोत मागे तोडलेल्या केळीच्या खोडांचा ढीग आला होता आणि सातपुडा धुरात बुडाला होता. सुमनबाईंनी हुकूम सोडला, "मागे हिरवागार डोंगर लाव." म्हणून ऋतिका फोटोग्राफर दिपमालाताईच्या स्कूटरवर बसून स्टुडिओत आली.

ताईने कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं. मागची बाग गेली, तिथे रिकाम्या जागेच्या पांढऱ्या-करड्या चौकटी आल्या. ऋतिका पडद्याजवळ सरकली.

"ताई, आबांच्या कानाला टोपी आहे."

"कानाला?"

खरंच होती. आबांच्या कोपराच्या फटीत केळीचं पान अडकलं होतं आणि कानाशेजारी एक पांढरी टोपी अधांतरी लोंबत होती. टोपीखाली कोणीच नव्हतं.

"प्रेमराजभाऊ गेले की," ताई म्हणाली. "पुढची माणसं ठळक, ती कॉम्प्युटरने ठेवली. हे लांब, धूसर, त्यांना बागेतलाच एखादा खांब समजला. काढून टाकलं. टोपी तेवढी आबांच्या कानाला चिकटून दिसत होती, म्हणून राहिली."

ऋतिकाला काकांचा अबोला आठवला. आज फ्लेक्सवर काका नसले, तर ते म्हणणार, आबांनीच मला कापलं.

"परत आणता येतात. पुसलेले नाहीत, नुसते झाकलेत." ताईने ब्रश फिरवला, कोपरातलं पान झाकलं आणि काका उघडे केले. मग मागे डोंगर टाकला.

ऋतिका खुदकन हसली. काका सातपुड्याच्या शिखरावर पाय रोवून उभे होते.

"ते जमिनीवर उभे होते, आणि ह्या डोंगराच्या फोटोत तेवढ्या उंचीवर सपाट जमीन नाही, शिखर आहे," ताई म्हणाली. "जिथे पायांना जमीन मिळेल असं चित्र शोधावं लागेल."

"त्यापेक्षा त्यांना मोठे करा ना. आबांच्या शेजारी आणा."

ताईने काकांना ओढून मोठे केले. चेहरा आणखी धूसर झाला, आणि डावा हात खांद्यापासूनच नाही.

"हात कुठे गेला?"

"तो आबांच्या खांद्यामागे होता. कॅमेऱ्याला दिसलाच नाही, तर मी कुठून आणू? आपल्या मनाने काढला, तर तो काकांचा हात नव्हे."

ऋतिकाने टेबलावरचा कॅमेरा ताईच्या हातात दिला. मग म्हणाली, "ताई, तो मघाचा टोपीवाला फोटो छापून द्या. एकच. आणि कॅमेरा घेऊन माझ्याबरोबर चला."

काका मोटारीच्या खोलीपाशीच सापडले. ऋतिकाने फोटो पुढे केला.

"काका, हे तुम्ही."

"कुठे?"

"ही टोपी. बाकीचे तुम्ही कॉम्प्युटरला खांब वाटलात."

"मी खांब?" काकांनी फोटो उन्हात धरला. "आबांच्या कानाला काय हे?"

"तुम्हीच."

काकांनी मिशी दाबून धरली, पण हसू मिशीखालून निसटलंच. "आबांनी बघितलं का?"

"नाही. बघितलं तर म्हणतील, माझ्या कानाला टोपी घालणारा हा एकटाच."

"चल," काका म्हणाले. "मी खांब नाही, हे दाखवून देतो."

सगळे फोटोसाठी पुन्हा जमले. काका येऊन आबांच्या मागे, जरा बाजूला उभे राहिले, पण दोन हात अंतर ठेवून. आबा समोर बघत म्हणाले, "मोटार चालू झाली का रे?"

"झाली," काका म्हणाले. मोटार अजूनही बंदच होती.

ताईने कॅमेरा उचलला आणि परत खाली घेतला. "मध्ये फट दिसतेय."

तेव्हा ऋतिका रांगेतून बाहेर आली. तिने काकांना पाठीत ढकलून पुढे सरकवलं, त्यांचा डावा हात उचलला, आबांच्या खांद्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी दाबून धरत म्हणाली, "हलू नका. फट राहिली की ताईला कापायला त्रास होतो."