एक रुपया शहाऐंशी पैसे

चूक सापडली ती दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या कामात. एका दवाखान्याच्या गच्चीसाठी सोलरची युनिटमागची किंमत काढायला मी ताईच्या लाँड्रीचं जुनं शीट उघडलं, आकडे बदलले आणि उत्तर भलतंच स्वस्त आलं. मी मागे जाऊन ताईचे आकडे तपासले. तिथेही तेच झालं होतं.

आमच्या सोलर कंपनीतलं माझं काम सोपं वाटतं, पण तसं ते नाही. पंचवीस वर्षांचा सगळा खर्च मांडायचा आणि पंचवीस वर्षांच्या युनिटांनी भागायचा. ताईचं यंत्र दहा लाखांचं होतं. शिवाय दरवर्षी पंधरा हजार देखभाल आणि तेराव्या वर्षी दीड लाखाचा नवा इन्व्हर्टर. पहिल्या वर्षी अठ्ठावीस हजार युनिटं, मग पॅनेल म्हातारं होत जातं तशी दरवर्षी जवळपास पाऊण टक्क्याने कमी. पंचविसाव्या वर्षी साडेतेवीस हजारांच्या आसपास. हे सगळं मी नीट धरलं होतं. पण उद्याचा रुपया आजच्या रुपयाइतका नसतो, म्हणून पुढचा खर्च दरवर्षामागे नऊ टक्क्यांनी उतरवून घेतात, आणि तसंच पुढची युनिटंही उतरवावी लागतात. मी खर्च उतरवला. युनिटं तशीच ठेवली, मूर्खासारखी.

म्हणून उत्तर आलं होतं एक रुपया शहाऐंशी पैसे. खरं उत्तर होतं चार रुपये एकोणसाठ. ताईला ग्रिडची, म्हणजे मंडळाच्या तारेवरची वीज पडते चार रुपये वीस पैशांना.

ऑफिसात नियम आहे, एकाने मांडायचं आणि दुसऱ्याने तपासायचं, नात्यातलं काम असेल तर नक्कीच. पण माझ्या ताईचं काम दुसऱ्याच्या टेबलावर आठ दिवस पडेल, हे मला सहन झालं नाही. दोन्ही जागी मीच सही केली. मोठी शहाणी!

मी फोन लावला. ताईने उचलला नाही. आज तिच्या गच्चीवर पॅनेलचा सांगाडा बसणार होता, आणि बोल्ट एकदा काँक्रीटमध्ये गेला की आमची कंपनी पैसे परत करत नाही. मी रिक्षा पकडली. वीस वर्षं चादरी धुऊन साठवलेले ते दहा लाख होते, आणि ती मला विचारल्याशिवाय साधा मिक्सरही घेत नाही.

गच्चीवर ड्रिलचा आवाज येत नव्हता. मिस्त्री खडूने खुणा करत होता. ताई चहाचे कप गोळा करत होती, मला बघून हसली. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता जिन्यावरून खाली पळावं.

मी सांगितलं. आधी सगळं गोल गोल, मग सरळ. ताईने कप खाली ठेवले आणि विचारलं, म्हणजे सोलर तोट्याचं का? मी म्हटलं, ते ग्रिडच्या दरावर आहे. दर वर्षाला एक टक्क्याने वाढला तर आपण थोडं हरतो, दोन टक्क्यांनी वाढला तर जिंकतो. किती वाढेल ते कोणालाच ठाऊक नाही. अजून भोक पडलेलं नाही, पैसे परत मिळतील, साहेबांशी मी बोलते. हे सांगताना मला जरा धीर आला. वेळेवर पोचले, असंच वाटलं.

पण ताईचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तेव्हा मला खरी भीती वाटली.

"काल वसतिगृहाच्या धुण्याचं काम घेतलं," ती म्हणाली. "पाच वर्षांचा करार. बाकी सगळ्यांपेक्षा कमी भाव दिला. वीज दोन रुपयांनी धरली होती."

सोलर बसवलं तरी तो भाव पुरणार नव्हता, आणि नाही बसवलं तरी नाही. मी मनातल्या मनात वर्षाच्या अठ्ठावीस हजार युनिटांना सव्वादोन रुपयांच्या तुटीने गुणलं आणि तिथेच थांबले.

"त्यात मोडायची अट आहे का?" मी विचारलं.

"मोडला तर दंड आहे. पण मी कशाला वाचू नीट? आकडा तुझा होता."

मिस्त्रीने ड्रिल हातात घेऊन विचारलं, लावू का. ताईने हाताने त्याला थांबवलं. मग ती माझ्याकडे वळली, अगदी शांतपणे, आणि म्हणाली, "तुमच्या ऑफिसातल्या दुसऱ्या कोणाचा नंबर दे."