पुसलेली पहिली रेघ

डोळ्यांच्या रुग्णालयात डोळ्याचा पडदा तपासणाऱ्या मावशीच्या हाताला एक वळण पडलं होतं. अर्धा तास अंधारात बसवलेल्या माणसावर पहिला झगझगीत झोत पडला की तो हमखास दचकून पापणी मिटतो आणि यंत्रावर पडद्याचा प्रतिसाद दाखवणारी रेघ खोटीच उंच उमटते. म्हणून मावशी पहिली रेघ पुसायची आणि पुढच्यांची सरासरी काढायची. तिच्या कामात खोट काढायची कोणाची बिशाद नव्हती.

आज खुर्चीत तिची भाची होती. सावलीतून उन्हात आली की तिला थोडा वेळ सगळं पांढरंफटक दिसायचं. अकरा वर्षांपूर्वी तपासणीत रेघा अगदी बुटक्या आल्या. डोळ्याचा पडदा मरत चाललाय, हळूहळू दृष्टी जाणार, असं निदान झालं. मुलीने इमारतींचे नकाशे काढायचं शिक्षण सोडलं, ठरत आलेलं लग्न मोडलं आणि ती बोटांनी वाचायला शिकली. मावशी दरवर्षी तपासायची आणि म्हणायची, "वाढलं नाही गं, देवाची कृपा."

नव्या डॉक्टरीणबाईंना ती कृपा पटेना. मरणारा पडदा अकरा वर्षं जागचा हलत नाही? म्हणून त्या आज स्वतः येऊन बसल्या. पहिला झोत पडला, उंच रेघ उमटली. मावशीचा हात सवयीने पुसायला गेला.

"थांबा. दोन मिनिटांनी पुन्हा द्या."

पुन्हा तितकीच उंच रेघ आली. मग झोत लागोपाठ दिले, तर रेघा बुटक्या.

"पडद्याच्या पेशी धडधाकट आहेत," बाई म्हणाल्या. "प्रकाशाचा एक कण पेशीतल्या रोडॉप्सिन या प्रथिनाच्या एका रेणूला जागं करतो. तो ट्रान्सड्युसिन नावाच्या कित्येक प्रथिनांना उठवतो. त्यांनी कामाला लावलेलं एन्झाइम पेशीची दारं उघडी ठेवणारे सायक्लिक जीएमपीचे शेकडो रेणू फोडतं. ते कमी झाले की पेशीच्या दारातून आत येणारा विद्युतभार अडतो, तोच संदेश. एवढासा कण असा मोठा होतो. पण नंतर ट्रान्सड्युसिनला झोपवावंही लागतं. हिच्यात ते वेळेवर झोपत नाही, म्हणून दुसऱ्या झोताला पेशी तयारच नसते. जनुक तपासून खात्री करू. पण हा आजार वाढत नाही."

ही साखळी मावशी शिकाऊ मुलांना घडाघडा सांगायची. दोन मिनिटं थांबायचं मात्र तिला कधी सुचलं नव्हतं. अकरा वर्षं ती या पोरीची धडधाकट नजर स्वतःच्या हाताने पुसत आली होती.

"म्हणजे मी आंधळी होणार नव्हतेच?" भाचीने विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या.

"आणि पहिल्या वर्षीही पहिली रेघ उंचच होती?"

मावशीला ती लख्ख आठवत होती. "होती. मला वाटलं, तू पापणी मिटलीस."

"मिटली नव्हती, मावशी," भाची म्हणाली. "मी तेव्हाही सांगितलं होतं तुला."