जपानला न गेलेला कागद

मी एक जुना, खाडाखोड झालेला कागद आहे. कळंबच्या एका दुकानातल्या दोनशे पानी वहीतून श्रावस्तीनं मला टर्रकन फाडलं. तेव्हा वाटलं, आता आपण जपानला जाणार. कसलं काय!

श्रावस्ती दहावीतली. एका संस्थेतर्फे ती दोन आठवडे जपानमध्ये युमिको नावाच्या बाईंच्या घरी राहून आली होती. निघताना ती त्यांच्या पाया पडली, पण आभाराचा शब्द काही बोलली नाही. आपल्याकडे मावशीच्या घरून निघताना कुणी आभार मानतं का? परत येऊन दोन महिने झाले तरी तिनं पत्र धाडलं नाही. मग संस्थेच्या ताईंचा फोन आला. मुलीला आमच्याकडे करमलं नसावं, असं युमिकोबाईंना वाटत होतं. पुन्हा कुणाला ठेवून घ्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. श्रावस्तीला फार वाईट वाटलं.

ती लगेच लिहायला बसली. 'आपण केलेल्या सर्व गोष्टींबद्दल मनापासून आभारी आहे.' एवढं लिहून तिनं ते आपल्या आजीला, चांगुणाबाईंना, वाचून दाखवलं.

"सर्व गोष्टी म्हंजे कोणच्या गं?" आजी म्हणाल्या. "हे तर कुणालाबी धाडता येतंय. त्या बाईनं काय केलं, ते लिही की."

मित्रांनो, माझ्यावरची पहिली रेघ तेव्हा ओढली गेली. मग हळूहळू एकेक आठवत गेलं. माशाचा वास सोसेना म्हणून दुसऱ्या दिवसापासून तिच्यासाठी नुसत्या अळिंबीचं सूप वेगळं शिजायचं. अंघोळीला घरात सगळ्यांना मिळून एकच टब; त्यातल्या कढत पाण्यात आधी पाहुणी उतरायची, घरचे मागून. अंथरुणात गरम पाण्याची पिशवी असायची. तिथल्या शाळेची वाट दाखवायला बाई दोन दिवस सोबत चालल्या. तिसऱ्या दिवशी ती एकटी निघाली, तर बाई कोपऱ्यावर खांबाआड उभ्या. तिनं पाहिलं होतं, पण लाजेनं बोलली नव्हती.

"ह्ये पयलं लिही," आजी म्हणाल्या.

उशिराबद्दल एकच ओळ माफीची, सबबी नाहीत. घरातल्या प्रत्येकाची नावानं विचारपूस, कळंबला येण्याचं आमंत्रण, घरच्यांचा एक फोटो. हे सगळं सोप्या इंग्रजीत एका कोऱ्या, जाड कागदावर उतरलं. पोस्टात त्याचं वजन झालं, पत्त्याखाली देशाचं नाव मोठ्या अक्षरांत आलं, आणि तो गेला. मी राहिलो. थोडा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

महिन्याभरानं उत्तर आलं. युमिकोबाईंनी लिहिलं होतं, "मला वाटलं, खांबाआडची मी तुला दिसलेच नाही. पुढच्या मुलीसाठी खोली झाडून ठेवली आहे."

ते वाचताना श्रावस्ती रडली. आता मी तिच्या कपाटात, घडीवर विरत चाललो आहे. मला जपलं नाही तरी चालेल, मित्रांनो. पण तुमच्यासाठी कुणी गुपचूप काही केलं असेल, तर तुम्ही ते पाहिलंत, एवढं त्यांना कळवा.